मुदत संपलेल्या गोळ्या, उरलेलं सिरप आणि वापरलेल्या सुया घराबाहेर कशा काढायच्या

आमच्या सासूबाई गेली नऊ वर्षं इन्शुलिनवर आहेत. त्यामुळे या तिन्ही गोष्टी आमच्या घरातून दर महिन्याला बाहेर जातात. यातल्या दोन सोप्या आहेत. तिसरीत, म्हणजे सुयांमध्ये, मी स्वतः चूक केली आहे आणि त्याची शिक्षा दुसऱ्या बाईने भोगली आहे, म्हणून इथे सुयांवरच जास्त लिहिते.

आधी गोळ्या. औषधाचं दुकान किंवा रुग्णालय परत घेत असेल तर पाकिटासकट तिथे द्या. घेत नसतील तर गोळ्या पाकिटातून काढा, कुटू नका, आणि चहाच्या ओल्या चोथ्यात कालवून जाड पिशवीत घट्ट बांधा. चोथ्यात पडलेली गोळी कोणी उचलून खात नाही, म्हणून हा खटाटोप. रिकामं पाकीट कात्रीने आडवं कापा. न कापलेलं पाकीट कचऱ्यातून उचलून पुन्हा विकलं जाऊ शकतं. कॅन्सरच्या केमोथेरपीच्या गोळ्यांना मात्र चोथ्यात घालू नका, त्या जिथून आणल्या त्या रुग्णालयातच परत द्या.

गोळ्या संडासात टाकून पाणी सोडायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. सांडपाण्याचे प्रकल्प औषधं काढून टाकण्यासाठी बांधलेले नसतात. अँटिबायोटिक नाल्यातून नदीत पोचलं की तिथल्या जंतूंना त्याची सवय लागते. याला अपवाद आहे तो मॉर्फिन, फेंटानिल अशा जोरदार वेदनाशामकांचा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये अशा 17 औषधांची यादी काढली. ती परत करायची सोय नसेल तर संडासातून सोडावीत असं त्यात सांगितलं आहे, कारण घरातल्या लहान मुलाच्या हाती एखादी लागली तर जीवावर बेततं. वापरून काढलेल्या फेंटानिलच्या पट्टीतही बरंच औषध शिल्लक असतं. तिची चिकट बाजू आत दुमडायची. आणि औषधं अंगणात जाळायची तर कधीच नाहीत, पाकिटाच्या प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो.

सिरपचं तंत्रही चोथ्याचंच, फक्त चोथा जास्त लागतो. मुलांचं पाण्यात कालवून बनवलेलं अँटिबायोटिक घ्या. बाटलीवर बहुधा 7 दिवसांत संपवा असं लिहिलेलं असतं आणि आठव्या दिवशी त्यात हमखास अर्धी बाटली उरते. 30 मिली उरलं असेल तर दोन मुठी सुकवलेला चोथा किंवा लाकडाचा भुसा पिशवीत घ्या, त्यात ओता, मुरू द्या. पिशवी उलटी धरली तरी थेंब गळला नाही म्हणजे झालं. गळला तर अजून चोथा घाला. बाटलीत चमचाभर पाणी घालून हलवायचं आणि तेही बेसिनमध्ये न ओतता त्याच पिशवीत. मग लेबल खरवडून बाटली सुक्या कचऱ्यात.

आता सुया. सुरुवातीची दोन वर्षं मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पिशवी बांधून देत होते. एका सकाळी आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी पिशवी हातात घेतली आणि झटक्यात सोडली. तर्जनीच्या पेरावर रक्ताचा टिपका होता. मला रडूच आलं. त्या मात्र म्हणाल्या, "होतं हे असं, पिशवीत हात घातला की कळतं." मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. सासूबाईंचे रिपोर्ट दाखवले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, कावीळ बीच्या लसीचं विचारलं. सुई आमच्या घरची होती म्हणून कोणाची ते ठाऊक होतं. पिशवी चार घरांची असती तर डॉक्टरांना एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांचा विचार करावा लागला असता. त्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, फार तर 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. म्हणून सुई टोचली तर जखम पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तेव्हापासून आमच्याकडे लिक्विड डिटर्जंटची जाड बाटली असते. पाण्याची पातळ बाटली चालत नाही. नखाने दाबून पाहा, आत गेली तर सुईही आरपार जाईल. काचेची बरणी पडून फुटते. तोंड असं हवं की सुई सहज आत जाईल, पण हात घालून काढता येणार नाही. ही बाटली इंजेक्शन जिथे देता तिथेच, मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा. दुसऱ्या खोलीत ठेवली की सुई मधेच टेबलावर राहते.

सिरिंज असेल तर टोपण परत लावायचंच नाही. टोचून झाली की तशीच, सुई खाली करून, बाटलीत सोडायची. इन्शुलिनच्या सिरिंजची सुई निघत नाही, त्यामुळे ती ओढू नका, वाकवू नका. वाकवताना ती उडते आणि कुठे गेली ते सापडत नाही.

इन्शुलिनच्या पेनचं मात्र वेगळं आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. पेनची सुई फिरवून काढावीच लागते आणि तिला दोन टोपणं असतात, आतलं बारीक आणि बाहेरचं मोठं. बोटात धरून बारीक टोपण परत बसवायला गेलात की टोचतंच, मला तीनदा टोचलं आहे. बारीक टोपण लगेच बाटलीत टाका. मोठं टोपण टेबलावर तोंड वर करून उभं ठेवा, हाताने धरू नका. पेन एका हाताने सरळ खाली आणून त्यात खुपसा, दाबा, मग मोठ्या टोपणासकट फिरवून काढा आणि बाटलीत टाका. टोपण घसरत असेल तर खाली ओला रुमाल ठेवा. सासूबाईंचा हात थरथरतो, तरी आता त्या हे स्वतः करतात.

दिवसाला तीन सुया धरून एक लिटरची बाटली आम्हाला साधारण दीड महिना पुरते. पाऊण भरली की बंद करायची, वरपर्यंत ठासायची नाही. झाकणावर चिकटपट्टीचे तीन वेढे, आणि बाहेर मार्करने मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत: "वापरलेल्या सुया, उघडू नका."

ही बाटली ओल्या-सुक्या कचऱ्यात घालू नका. 2016 च्या घनकचरा नियमांत मुदतबाह्य औषधं आणि वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या आणि त्या वेगळ्या द्याव्यात असंच सांगितलं होतं. तुमच्याकडे वेगळी गाडी किंवा जमा केंद्र असेल तर तिथे द्या. मुंबईत महापालिकेने 2025 पासून अशा कचऱ्याची वेगळी नोंदणी करून घेतली आहे. नसेल तर जिथे इन्शुलिन लिहून मिळतं त्या रुग्णालयात विचारा. त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरा डबा असतो आणि तो न्यायला गाडी येते. पहिल्यांदा मला काउंटरवरून "आम्ही घेत नाही" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या खेपेला मी थेट ड्रेसिंगरूमच्या सिस्टरांकडे गेले, बाटली बंद करून आणि लेबल लावून. त्यांनी हलवून पाहिली, चिकटपट्टी पाहिली आणि ठेवून घेतली. तेव्हापासून दर दीड महिन्याला त्यांच्याकडेच देते. उघडून महिना उलटलेली इन्शुलिनची बाटलीही त्याच खेपेत नेते.