तेल पडतंय कुठं ते बघू नका, निघतंय कुठून ते बघा

लातूरला गॅरेजवर लागून मला सातवा महिना होता. औशाचे एक काका जुनी डिझेल जीप घेऊन आले. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, तोच सोबत आणला होता. पुठ्ठ्यावर रुपयाएवढे चार काळे डाग. मी खाली सरकलो. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं, बेल हाउसिंगच्या तळाला थेंब लोंबत होता. उठून छाती फुगवून सांगितलं, "काका, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

उस्ताद त्या दिवशी नांदेडला गेले होते. गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, फ्लायव्हील खोललं, नवं सील बसवलं. दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी काका परत. हातात नवा पुठ्ठा, डाग तेच.

उस्तादांनी गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. बॉनेट उघडून टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, फायरवॉलकडच्या बाजूला बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्यापुढं धरलं. "वर हात घालून बघितलास का आधी?"

नाही बघितलं. इथंच नवीन पोरं फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, म्हणजेच व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट, उष्णतेनं कडक होतं आणि मागच्या कोपऱ्यातून पाझरायला लागतं. ते तेल हेडच्या पाठीवरून ब्लॉकवर, तिथून बेल हाउसिंगच्या बाहेरून गोल फिरून तळाला येतं. क्रँकचं सील गळलं तर तेल हाउसिंगच्या आत उतरतं आणि तेही तळाच्याच फटीतून बाहेर पडतं. थेंब दोघांचा एकाच जागी. पुठ्ठा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

आता मी आधी धुतो. अल्टरनेटर आणि वायरिंगवर पिशवी बांधायची, हेडची पाठ, ब्लॉक आणि हाउसिंगचा जोड डिग्रीझरनं साफ करून पूर्ण वाळवायचं. आपल्याकडची काळी माती तेलात मिसळून तिथं थर बसलेला असतो. तो खरवडल्याशिवाय नवं तेल कुठलं आणि जुनं कुठलं, कळणारच नाही. मग त्या सगळ्या भागावर साधी टाल्कम पावडर उडवायची आणि गाडी जागेवरच वीसेक मिनिटं चालू ठेवायची. लगेच रस्त्यावर नेऊ नका, वाऱ्यानं तेल मागं पसरतं. इंजिन बंद करून मोबाइलचा कॅमेरा हेडच्या मागं घालून व्हिडिओ काढा. पांढऱ्या पावडरवर सगळ्यात वर जिथं ओल दिसेल, गळती तिथली. वीस मिनिटांत काहीच दिसलं नाही तर मालकाला दोन दिवस गाडी वापरू द्या. हळू पाझरायला वेळ लागतो, त्यात तुमची चूक नाही.

वरचा सगळा भाग कोरडा, तरी तळाला थेंब? मग हाउसिंगच्या खालचं झाकण किंवा भोक असेल तर टॉर्च मारून आत बघा. फ्लायव्हीलची इंजिनकडची बाजू ओली, आत चहूकडं शिंतोडे, वर क्लचही घसरतोय, तर सीलवर संशय घ्यायला हरकत नाही. पण आतलं तेल बोटावर घेऊन वास घ्या. उग्र, गंधकासारखा आला तर ते गिअर ऑइल आहे. मग दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा. लहान गाड्यांत इंजिन आडवं असतं, तिथं 'मागचं' सील फायरवॉलकडं नाही तर गिअरबॉक्सच्या बाजूला असतं. हे विसरून मी एकदा चुकीच्या बाजूला तासभर टॉर्च मारत बसलो होतो.

पॅकिंग टाकण्याआधी ब्रीदरचा पाइप काढून बघा. काकांचा पाइप काळ्या गाळानं तुंबला होता. आतला दाब बाहेर जाऊ शकला नाही की तो कमकुवत पॅकिंगमधून तेल ढकलतो. पाइप तसाच ठेवून नवं पॅकिंग टाकलं असतं तर तेही पाझरलं असतं.

आणि सिलिकॉनबद्दल माझं मत कडक आहे. "सगळीकडं लाव, विषय संपला," म्हणणाऱ्याच्या हाताखाली शिकू नका. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या कोपऱ्यांवर थोडंसं, बस्स. जास्तीचं आत तुटून ऑइल चेंबरच्या जाळीत अडकतं, आणि मग तेलाचा दाब पडतो. कव्हरचे बोल्टही ताकद लावून आवळू नका. पत्र्याचं कव्हर वाकतं, प्लास्टिकचं तडकतं.

काकांच्या जीपला शेवटी पॅकिंग आणि पाइपची सफाई एवढंच लागलं, सकाळच्या चहापासून जेवणापर्यंतचं काम. गिअरबॉक्सची मजुरी उस्तादांनी परत केली आणि माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापली. काका अजून येतात. मी बाहेर येईपर्यंत बॉनेट उघडून ठेवलेलं असतं.