गाडीचं इंधन आणि ऑइल यांचा हिशेब: या चुका टाळा

नवी गाडी घेतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात वही काढतो, कंपनीने छापलेलं अ‍ॅव्हरेज घेतो, वर्षाच्या किलोमीटरना त्याने भागतो आणि निश्चिंत होतो. सहा महिन्यांनी तोच माणूस विचारतो, "गाडी पेट्रोल जास्त खाते का हो?" गाडी नेहमीएवढंच खाते, वहीतला आकडा चुकलेला असतो.

छापलेला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीतून आलेला असतो. तुमच्या गाडीत चार माणसं, सामान, चालू एसी आणि सिग्नलवरची थांबाथांबी असते. माझी पद्धत जुनी आणि कंटाळवाणी आहे. पंपाचा नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी तसंच भरून किती लिटर गेलं ते लिहायचं. 520 किलोमीटरना 38 लिटर गेलं, तर अ‍ॅव्हरेज 13.7. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, निदान आठ-दहा भरा. उन्हाळा-हिवाळा दोन्ही त्यात आले तर उत्तमच. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा गोड बोलतो, मी तो नुसता बघतो.

फरक किती पडतो? वर्षाला 12,000 किलोमीटर धरा. छापील 20 च्या अ‍ॅव्हरेजने 600 लिटर लागतात, खऱ्या 13.7 ने सुमारे 876. म्हणजे दरवर्षी 276 लिटरची तूट, सहा वर्षांत साडेसोळाशेच्या वर. हिशेब लिटरमध्येच ठेवा. भाव बदलले की फक्त शेवटचा गुणाकार बदलतो.

आता माझा खरा राग. लोक फक्त किलोमीटर मोजतात, कॅलेंडर बघत नाहीत. पुस्तिकेत "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. त्यातलं "जे आधी होईल ते" कुणी वाचतच नाही.

आमच्या मेहुण्यांची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर फिरायची. ब्रेक ऑइल बदला म्हटलं की उत्तर ठरलेलं: "अजून वीस हजारही झाले नाहीत, उगाच खर्च कशाला?" अशी पाच वर्षं गेली. मग एका लांबलचक उतारावर, भरल्या गाडीत, पाय सतत ब्रेकवर असताना पेडल मऊ पडलं आणि जवळजवळ तळाला टेकलं. हँडब्रेक आणि खालच्या गिअरवर कशीबशी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झालं, तेव्हा हे म्हणतात, "बघ, आपोआप ठीक झालं!"

ठीक काहीही झालं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, गाडी उभी असली तरी. ताज्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा 155 वर येते. तापलेल्या ब्रेकजवळ ते उकळतं आणि वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागतं. थंड झाल्यावर वाफ जिरते, पाणी मात्र आतच राहतं. गॅरेजमध्ये कॅलिपर उघडला तर पिस्टनवर गंज. तो बदलावा लागला, आणि दोन वेळा ब्रेक ऑइल बदलण्याचे वाचवलेले पैसे त्यात कधीच बुडाले.

म्हणून मी एका कागदावर महिने आडवे मांडतो. त्याच 12,000 किलोमीटरच्या गाडीला पुस्तिकेप्रमाणे इंजिन ऑइल 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, ब्रेक ऑइल दोन वर्षं, कूलंट पाच वर्षं आणि गिअर ऑइल 60,000 किलोमीटर असं समजा. इंजिन ऑइल दहाव्या महिन्याला येतं, मग विसाव्या, तिसाव्या. "वर्षातून एकदा" धरणाऱ्याला सहा वर्षांत सहा वेळा वाटतं, पण बदल सात होतात. पाचव्या वर्षात दोनदा येतं, पन्नासाव्या आणि साठाव्या महिन्याला. साठाव्यालाच कूलंट आणि गिअर ऑइलही येऊन बसतं. याच महिन्यात लोक "गाडी आता खर्चिक झाली" म्हणत विकायला काढतात. मी बहात्तर महिन्यांचा सगळा खर्च एकत्र करून बहात्तरने भागतो आणि तेवढे दरमहा बाजूला टाकतो.

बाकी थोडक्यात. कूलंट कमी दिसलं की नळाचं पाणी ओतू नका, गंजरोधक पातळ होतं. आणि वारंवार कमी होत असेल तर गळती शोधा, टॉप-अपचं बजेट वाढवू नका.

ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरली तर आधी पॅड बघा. पॅड झिजले की पातळी उतरतेच. घाईने भरून ठेवलंत, तर नवे पॅड बसवताना तेच ऑइल वर चढून बाहेर सांडतं आणि खालचा रंग सोलून काढतं.