परवान्यात दुकानाचं नाव चुकलंय? दुरुस्तीचा अर्ज देण्याआधीची तयारी

पेन हातात घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा: तुम्हाला दुरुस्ती हवी आहे की बदल? नोंद पहिल्या दिवसापासून चुकीची असेल तर ती दुरुस्ती. नोंद तेव्हा बरोबर होती आणि नंतर दुकान हललं, भागीदार बदलला किंवा नवं नाव घेतलं, तर तो बदल. बदलासाठी सहसा वेगळा नमुना आणि शुल्क असतं. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद; तिच्यातला बदल तर झाल्यापासून ३० दिवसांत कळवावा लागतो. दुरुस्तीत कार्यालय एकच गोष्ट तपासतं, ती म्हणजे मूळ कागदावर काय होतं. एकाच अर्जात दोन्ही मागितलं की त्यावर कोणती कार्यवाही करायची हेच टेबलावर ठरत नाही आणि अर्ज त्रुटी काढून परत येतो. दोन्ही हवं असेल तर दोन अर्ज करा आणि दुरुस्तीचा आधी द्या.

उदाहरण म्हणून पुण्यातलं एका मालकाचं दुकान घेऊ. नाव ‘श्री गणेश ट्रेडर्स’. जीएसटी प्रमाणपत्रावर ते SHREE GANESH TRADERS असं आहे, महापालिकेच्या परवान्यावर मात्र SHRI GANESH TRADERS. एका मालकाच्या धंद्याचं चालू खातं उघडताना बँक साधारणपणे धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागते. त्या दोन्हींवर अक्षरं वेगळी दिसली की खातं अडतं. इथे अडचण अशी की देवनागरीत लिहिलं की दोन्ही नावं तंतोतंत सारखीच दिसतात. ‘आमच्या दुकानाचं नाव चुकलं आहे, दुरुस्त करावं’ एवढंच मराठीत लिहून दिलं तर वाचणाऱ्याला चूक दिसतच नाही. म्हणून अर्ज मराठीत असला तरी नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, नोंदीत आहे तसं आणि हवं आहे तसं, एकाखाली एक लिहा.

आता कागद. पहिला आणि सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे परवान्यासाठी तुम्ही तेव्हा दिलेल्या अर्जाची प्रत. त्यात SHREE असेल आणि परवान्यावर SHRI आलं असेल, तर चूक नोंद करताना झाली आहे. तसं स्पष्ट लिहा आणि दुरुस्तीचं शुल्क लावू नये अशी विनंतीही करा. तुमच्याच अर्जात SHRI असेल तर ‘अर्जदाराकडून अनवधानाने चुकीची नोंद झाली’ असं सरळ लिहा. कार्यालयावर ढकललेली चूक फाईल उघडताच उघडी पडते आणि मग बाकीच्या कागदांकडेही संशयाने पाहिलं जातं.

अर्जाची प्रत जवळ नसेल तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस आणि छायाप्रतीला पानामागे २ रुपये. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून ‘परवाना क्रमांक अमुकच्या मूळ अर्जाची व सोबतच्या कागदपत्रांची प्रत’ एवढंच मागा.

दुरुस्तीच्या अर्जाला जोडायचे पुरावे निवडताना तारीख पाहा. परवाना निघण्याआधीचा कागद खरा उपयोगी: तेव्हाचं जीएसटी प्रमाणपत्र, भाडेकरार, जुनं बँक पासबुक. परवान्यानंतरच्या कागदातून एवढंच दिसतं की आज तुम्ही हे नाव वापरता. नोंद पहिल्यापासून चुकली होती हे त्यातून सिद्ध होत नाही. दोन-तीन चांगले कागद पुरतात. प्रत्येक प्रतीवर ‘सत्यप्रत’ लिहून सही आणि तारीख करा.

अर्ज कोणाकडे जाणार, हेही आधी पाहा. महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि गुमास्ता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मुंबईत गुमास्त्याचं काम महापालिकेचा दुकाने व आस्थापना विभाग पाहतो, पुण्यात ते राज्याच्या कामगार विभागाकडे आहे. पुण्यात गुमास्त्याचा अर्ज महापालिकेत देणं म्हणजे काही आठवडे वाया घालवणं. परवान्यावर ज्याची सही-शिक्का आहे त्याच पदनामाने अर्ज करा. व्यक्तीचं नाव घालू नका, अधिकाऱ्याची बदली झाली की टपाल त्याच्या नावाने भटकत राहतं.

मजकूर एका पानात बसतो. साधारण असा:

प्रति, मा. परवाना अधिकारी, … क्षेत्रीय कार्यालय.
विषय: व्यवसाय परवाना क्र. … मधील दुकानाच्या इंग्रजी नावाच्या नोंदीत दुरुस्ती करणेबाबत.
संदर्भ: १) परवाना क्र. …, दि. … २) मूळ अर्ज क्र. …, दि. …
महोदय/महोदया, उपरोक्त संदर्भ क्र. १ अन्वये मला देण्यात आलेल्या परवान्यात दुकानाचे नाव पुढीलप्रमाणे नमूद आहे.
सध्याची नोंद: SHRI GANESH TRADERS
योग्य नोंद: SHREE GANESH TRADERS
संदर्भ क्र. २ च्या अर्जात योग्य नोंद असून ती परवान्यात येताना बदललेली आहे. मालक, पत्ता व व्यवसायाचे स्वरूप यांत कोणताही बदल नाही. तरी परवाना क्रमांक व मूळ दिनांक कायम ठेवून नावाची दुरुस्ती करून मिळावी, ही विनंती.
सोबत: …

‘मालक, पत्ता व व्यवसायाचे स्वरूप यांत बदल नाही’ हे वाक्य गाळू नका. नाव बदलण्याच्या आडून परवाना दुसऱ्याला दिला जातोय का, ही शंका अधिकाऱ्याला येणं साहजिक आहे आणि या वाक्याने ती मिटते. ‘मूळ दिनांक कायम ठेवून’ हेही तितकंच महत्त्वाचं. सोप्यात सोपी वाट म्हणून कधी कधी जुना परवाना रद्द करून नवा काढायचा सल्ला दिला जातो. तो घेतला की कागदोपत्री धंदा आजपासून सुरू झाला असं दिसतं, आणि निविदेत किंवा कर्जाच्या वेळी धंदा किती वर्षांचा हे विचारलं की जुनी वर्षं दाखवता येत नाहीत.

सही मूळ अर्जावर होती तशीच करा. भागीदारी असेल तर सगळ्यांनी सही करा, किंवा एका भागीदाराच्या नावे अधिकारपत्र जोडा.

देताना दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. नुसता शिक्का पुरत नाही, कारण पुढे चौकशी करताना अर्ज आवक क्रमांकावरच शोधला जातो. ऑनलाइन भरला असेल तर अर्ज क्रमांकाची पोचपावती जपा. तुम्ही मागितलेली सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहे का, ते पाहा. असेल तर तिची मुदत ठरलेली असते. अर्ज फेटाळला किंवा मुदत टळली तर त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. सेवा यादीत नसेल तर आवक क्रमांक देऊन लेखी स्मरणपत्र द्या. तोंडी चौकशीची नोंद फायलीत राहत नाही.

दुरुस्त परवाना हातात आला की तिथेच उभं राहून वाचा: इंग्रजी नाव, परवाना क्रमांक, मूळ तारीख, वैधता, गाळा क्रमांक. एक ओळ दुरुस्त करताना दुसरी बिघडल्याचं कमी घडत नाही. मग संकेतस्थळावरची नोंदही पाहा, कारण कागद सुधारला तरी संगणकावर जुनं नाव राहिलं असेल तर पुढच्या नूतनीकरणात तेच पुन्हा छापून येईल. जुना परवाना जमा करायला सांगितला तर आधी त्याची छायाप्रत काढा आणि ती दुरुस्तीच्या आदेशासोबत ठेवा.