नाईट क्रीम, स्लीपिंग मास्क की साधं मॉइश्चरायझर? आधी लेबल वाचा, मग अर्ध्या चेहऱ्यावर लावून बघा

परभणीत डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की आमच्या मेडिकलवर एकच मागणी सुरू होते. "भाऊ, रात्रीचं काहीतरी भारी क्रीम द्या, तोंड नुसतं तडतड करायलंय." ओठ उललेले, गालावर पांढरी पापडी, आणि मोबाईलवर कुठल्यातरी नाईट क्रीमचा फोटो. फोटोतली डबी ५० ग्रॅमची आणि किंमत साध्या मॉइश्चरायझरच्या कितीतरी पट. ती घ्यावी का, हे दुकानात उभं राहूनही ठरवता येतं. त्याला थोडं लेबल वाचावं लागतं, आणि घरी गेल्यावर एक सोपी चाचणी करावी लागते.

लेबलापासून सुरुवात करू. कोणतंही मॉइश्चरायझर तीन प्रकारच्या गोष्टींनी बनतं. ग्लिसरिनसारखा घटक पाणी धरून ठेवतो. तेल किंवा बटरसारखा घटक खरखरीत त्वचा मऊ करतो. पेट्रोलेटम किंवा डायमेथिकॉन वरून थर देऊन पाणी उडू देत नाही. आता नाईट क्रीमची डबी उलटी करून घटक वाचा. बहुतेक वेळा हीच नावं दिसतील, फक्त तेल आणि थर देणारे घटक थोडे जास्त, म्हणून क्रीम घट्ट. घटक जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे छापलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणजे डबीवर केशराचं चित्र मोठं असलं आणि यादीत केशर सुगंधाच्या आसपास, अगदी शेवटी असलं, तर पैसे चित्राचे गेले असं समजा.

मग 'रात्रीचं' म्हणजे नेमकं काय? दोन गोष्टींत खरा फरक असू शकतो. एक, दिवसाच्या क्रीममध्ये अनेकदा सनस्क्रीन असतं, रात्रीच्या क्रीममध्ये ते नसतं, कारण त्याची गरज नसते. दोन, काही नाईट क्रीममध्ये रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिड असतं. रेटिनॉल उजेडात खराब होतं आणि ग्लायकोलिक ॲसिड लावलेल्या त्वचेला ऊन जास्त लागतं, म्हणून ते रात्री लावायचे. यादीत यांपैकी काहीच नसेल, तर ती डबी म्हणजे जरा घट्ट मॉइश्चरायझर. त्यात वाईट काही नाही, पण 'रात्रीचं' म्हणून जास्त पैसे मोजायचं कारणही नाही.

एक गोष्ट मात्र कंपन्या खरी सांगतात. रात्री त्वचेतून पाणी दिवसापेक्षा जास्त उडतं, हे मोजून पाहिलेलं आहे. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत ते अजून जाणवतं. पण याचा उपाय म्हणजे झोपताना काहीतरी लावणं. ते 'काहीतरी' सकाळचंच साधं मॉइश्चरायझर असलं तरी चालतं.

आता घरची चाचणी. ती मी आमच्या एका गिऱ्हाईकाच्या उदाहरणावरून सांगतो. शाळेत शिकवणाऱ्या बाई, वय पस्तिशीच्या आसपास, गाल कोरडे आणि कपाळ तेलकट. घरी बोअरचं जड पाणी, तोंडाला अंगाचाच साबण, आणि बंबाचं कढत पाणी. जड पाण्यात साबण नीट धुतला जात नाही, त्याचा चिकट थर राहतो आणि त्वचा आणखी ओढते. म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांना क्रीम बदलायला सांगितलंच नाही. साबणाऐवजी फेस न होणारा सौम्य फेसवॉश, तोही रात्री एकदाच, आणि पाणी कोमट. सकाळी नुसतं पाणी. एवढ्यानेच निम्मी तडतड कमी झाली. हा टप्पा गाळून क्रीम बदलत बसणारे दरवर्षी येतात आणि दरवर्षी नवीन डबी घेऊन जातात.

दुसऱ्या आठवड्यापासून अर्ध्या चेहऱ्याची परीक्षा. डाव्या गालाला साधं ग्लिसरिन असलेलं मॉइश्चरायझर, उजव्या गालाला बहिणीने दिलेलं नाईट क्रीम. दोन्हीकडे सारखंच प्रमाण. चेहरा आणि मान मिळून तर्जनीच्या पुढच्या पेराएवढ्या दोन रेघा पुरतात, म्हणजे साधारण एक ग्रॅम. तोंड धुऊन टॉवेलने टिपल्यावर, त्वचा जरा ओलसर असतानाच लावायचं. दोन आठवडे बाजू बदलायच्या नाहीत. बघायचं ते सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुण्याआधी: पापडी आहे का, हसताना गाल ओढतो का, आणि जबड्यापाशी बारीक दाणे आलेत का. रात्री लावताना कोणतं क्रीम मऊ लागतं याला किंमत देऊ नका. घट्ट क्रीम लावताना नेहमीच भारी वाटतं.

बाईंच्या बाबतीत सकाळी दोन्ही गाल सारखेच होते. उजव्या बाजूला मात्र जबड्याच्या कडेला त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणे आले. ते बंद झालेली रंध्रं असतात, घट्ट तेलकट क्रीमने येतात. मग त्यांनी नाईट क्रीम पायाच्या टाचांना लावलं, आणि तिथे ते उत्तम चाललं.

खर्चाचा हिशोब असा करा. समजा नाईट क्रीमची ५० ग्रॅमची डबी ६०० रुपयांची आहे आणि मॉइश्चरायझरची १०० ग्रॅमची ट्यूब २५० रुपयांची. रोज एक ग्रॅम धरला, तर पहिलं रात्रीला १२ रुपयांना पडतं, दुसरं अडीच रुपयांना. महाग म्हणून नाईट क्रीम थोडंथोडं लावणारे बरेच असतात, आणि मग फरक पडत नाही म्हणतात.

साधं मॉइश्चरायझर पुरत नसेल तर? त्यावर वाटाण्याएवढी पेट्रोलियम जेली दोन तळव्यांत घासून, फक्त कोरड्या भागावर दाबून लावा: गाल, नाकाच्या कडा, ओठांभोवती. पाणी अडवायला जेलीसारखी दुसरी स्वस्त वस्तू नाही. अट एवढीच की खाली ओलावा हवा. जेली स्वतः पाणी देत नाही, असलेलं अडवते. कपाळावर, पिंपल येतात तिथे आणि घामाच्या रात्री ती लावू नका.

स्लीपिंग मास्क ही कोरियाकडून आलेली गोष्ट. बहुतेक मास्क जेलसारखे असतात: पाणी, ग्लिसरिन, आणि वाळल्यावर चेहऱ्यावर पातळ पापुद्रा धरणारे घटक. सगळ्यात शेवटी लावायचा, झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं वाळू द्यायचा, नाहीतर निम्मा उशीला जातो, आणि सकाळी धुवायचा. आपल्या आजीचं ग्लिसरिन-गुलाबपाणी याच जातीचं, फक्त त्यात पापुद्रा नाही. म्हणूनच मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत नुसतं ग्लिसरिन लावून झोपलेल्यांचा गाल सकाळी पुन्हा ओढतो. हवेत ओलावाच नसला, तर ग्लिसरिन धरून धरून काय धरणार? त्यावर थोडं क्रीम हवं. शुद्ध ग्लिसरिन तर पाणी न घालता लावूच नका, चरचरतं.

मास्क कामाचा कोणाला? ज्यांची त्वचा तेलकट आहे आणि तरी एसीत झोपल्याने सकाळी ओढते, त्यांना. क्रीम त्यांना जड होतं, जेल चालतं. पण तेवढ्यासाठी जेल मॉइश्चरायझरही पुरतं, त्यामुळे मास्कला मी हौसेच्या रकान्यात टाकतो. ज्यांच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा किंवा पाण्याचा कूलर चालतो, त्यांच्या हवेत एप्रिल-मेमध्येही ओलावा असतो. त्यांना रात्री हलकं मॉइश्चरायझर किंवा काहीच न लावलं तरी भागतं. डिसेंबरचं घट्ट क्रीम मेमध्ये चालू ठेवलं की घामोळ्या आणि दाणे घेऊन लोक येतात.

खरं नाईट क्रीम ज्यांना उपयोगी पडतं ते म्हणजे रेटिनॉल वापरू इच्छिणारे, म्हणजे बारीक सुरकुत्या किंवा पिंपलचे डाग यांवर काम करायचं आहे ते. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, कोरड्या त्वचेवर, आणि वरून साधं मॉइश्चरायझर. चेहरा लाल होऊन सोलायला लागला तर थांबा, त्वचा शांत झाल्यावर आणखी कमी वेळा सुरू करा. फरक दिसायला महिने लागतात. सकाळी सनस्क्रीन लावणार नसाल, तर सुरूच करू नका. गरोदर बाईने किंवा दिवस राहण्याच्या तयारीत असलेल्या बाईने ते लावायचं नाही.

गालावर वांग आहे म्हणून नाईट क्रीम मागणाऱ्या बाया सगळ्यात जास्त. शेतात, रस्त्यावर, गच्चीवर उन्हात काम असतं. वांग उन्हाने वाढतो, त्यामुळे दिवसाचं सनस्क्रीन आणि डोक्यावरचा पदर नसेल तर रात्रीची कुठलीही डबी हरते.

आणि इथेच एका वेगळ्याच 'नाईट क्रीम'बद्दल सांगायला हवं. आठवडी बाजारात, पार्लरमध्ये, कधी मेडिकलवरही मिळणारं, आठ दिवसांत गोरं करणारं. यात अनेकदा मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखं स्टेरॉइड असतं, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, तरी ती सर्रास फिरतात. लेबलच नसलेल्या डब्यांत पारा निघाल्याचीही उदाहरणं आहेत, आणि पारा किडनीवर जातो.

ओळखायचं असं: रंग झपाट्याने उजळतो, त्वचा चकचकीत आणि पातळ होते. लावणं थांबवलं की दोन-तीन दिवसांत चेहरा लाल, आग, खाज, पिंपल. परत लावलं की शांत. पुढे गालावर लाल बारीक रेषा आणि लव वाढते. लोक याला 'क्रीमची सवय लागली' म्हणतात. महिनोन्महिने लावलेलं असेल, तर एकदम बंद केल्यावर त्रास उसळतो. ते टप्प्याटप्प्याने कसं सोडायचं हे त्वचेच्या डॉक्टरनेच ठरवायचं. जाताना ट्यूब सोबत न्या, रिकामी असली तरी. त्यावरच्या नावांवरूनच डॉक्टरला कळतं की सोडवायचं काय आहे.