कपाशीच्या वावरातल्या मुलाखतीवर नावाची पट्टी

कास्तकाराची मुलाखत वावरात घेतली की मागं फुटलेला कापूस, अंगात पांढरा सदरा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात नाव टाकलं तर ते दिसतच नाही भाऊ. म्हणून नावाखाली काळी पट्टी द्याच, अन् तिची ओपॅसिटी 70 टक्के तरी ठेवा, 40 ठेवली तर कापूस पट्टीतून पांढुरका दिसतो अन् अक्षर पुन्हा फिक्कं पडते. फ्रेम 1920 बाय 1080 असंल तर डावी-उजवीकडून 96 अन् वर-खालून 54 पिक्सेल सोडून मगच मजकूर, म्हणजे प्रत्येक बाजूनं 5 टक्के. मी तर खालून 120 सोडतो, कारण मोबाईलवर व्हिडिओ थांबवला की प्लेअरची पट्टी नेमकी नावावरच येते. वरच्या ओळीत नाव ठळक, खाली गाव-तालुका जरा लहान, पण दोन ओळीत जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसते. सुरुवातीच्या टायटल कार्डालाही हेच मार्जिन, मागं गडद एकच रंग, अन् मजकूर आरामात दोनदा वाचून होईस्तोवर कार्ड काढू नका. शेवटी सॅच्युरेशन शून्य करून पाहा, काळ्या-पांढऱ्यातही नाव पटकन वाचता आलं तरच एक्स्पोर्ट मारा.