दहा जिलहज: एका दिवसाची चार कामं आणि त्यांच्या क्रमातल्या चुका टाळा

हजच्या पाच-सहा दिवसांत सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते जिलहज महिन्याच्या दहा तारखेबद्दल. आठला एहराम बांधून मिनाला जायचं, नऊला दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत अरफातच्या मैदानात थांबायचं, रात्र मुजदलिफाच्या उघड्या माळावर काढायची, इथपर्यंत सगळे एका रांगेत चालतात. दहाची सकाळ उजाडली की कामं चार होतात: मोठा जमरा या मिनातल्या भिंतीला सात खडे मारणं (रमी), कुर्बानी, डोक्याचे केस काढणं (हलक) आणि काबागृहाभोवती सात फेऱ्यांचा तवाफे जियारत. चारही कामं सगळ्या मझहबांत, म्हणजे चार इमामांच्या मतपरंपरांत, आहेत. मतभेद आहे तो त्यांच्या क्रमावर आणि वेळेवर, आणि तिथेच हाजी अडकतात.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हिजरी सन 10 मध्ये, हिजरतनंतरच्या त्यांच्या एकमेव हजमध्ये, हाच क्रम पाळला. आधी खडे मारले, मग कुर्बानीच्या जागी जाऊन 63 उंट स्वतःच्या हाताने कुर्बान केले आणि शंभरातले उरलेले हजरत अली यांच्याकडे सोपवले. मग न्हाव्याला बोलावून आधी डोक्याची उजवी बाजू पुढे केली. त्यानंतर मक्केला जाऊन तवाफ केला. त्याच दिवशी मिनात लोक येऊन विचारत होते, "मी खडे मारण्याआधी कुर्बानी केली", "मी कुर्बानीआधी डोकं भादरलं". प्रत्येकाला उत्तर एकच मिळत होतं: आता करून घे, हरकत नाही.

याच "हरकत नाही"च्या अर्थावरून वाट फुटते. इमाम शाफई आणि हंबली मताचे इमाम अहमद म्हणतात, क्रम सुन्नत आहे, चुकला तरी भरपाई नाही. इमाम मालिक म्हणतात, खडे मात्र केस काढण्याच्या आणि तवाफच्या आधीच हवेत. इमाम अबू हनीफा म्हणतात, "हरकत नाही" म्हणजे न जाणता केलेल्याला गुन्हा नाही, पण भरपाई माफ झालेली नाही. त्यांच्या मते तमत्तो किंवा किरान हज, म्हणजे एकाच सफरीत उमरा आणि हज, करणाऱ्याला रमी, कुर्बानी, हलक हा क्रम वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे आणि तो मोडला तर दम, म्हणजे हरमच्या हद्दीत एक बोकड, द्यावा लागतो. त्यांचेच दोन थोर शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद, मात्र म्हणतात की दम लागत नाही. घरातच मतभेद आहे, हे अनेक हनफी हाजींना ठाऊकच नसतं.

पहिली चूक: शेजाऱ्याच्या बसमध्ये चढणं

मुजदलिफात मध्यरात्र उलटली की काही गट निघतात. शाफई आणि हंबली मतानुसार ते बरोबर आहे: मध्यरात्रीनंतर तिथे थोडा वेळ थांबणं झालं, आता मिनाला जाऊन रात्रीच खडे मारले तरी चालतं. पण त्याच बसमध्ये एखादा हनफी हाजी चढला, तर त्याची दोन कामं बिघडतात. हनफी मतानुसार मुजदलिफाचं वाजिब थांबणं फजरपासून सूर्योदयापर्यंतच्या वेळात आहे, मग ते क्षणभर का असेना. ते धडधाकट माणसाने सोडलं तर दम. शिवाय त्याचे रात्री मारलेले खडे रमीत धरलेच जात नाहीत, कारण हनफी मतात रमीची वेळ फजरपासून सुरू होते.

म्हातारी माणसं, आजारी, आणि गर्दीची धास्ती असलेल्या स्त्रिया यांना हनफी मतातही लवकर निघायची सूट आहे, त्यावर दम नाही. पण ती सूट मुजदलिफातून निघण्यापुरती आहे. खडे मारायला त्यांनीही फजर होऊ द्यावी. मिनात तंबूत टेकावं, नमाज पढावी, उजाडलं की जावं. कोणी रात्री मारून आलंच असेल, तर दिवसा सात खडे पुन्हा मारले की काम सुधारतं. ही चूक वेळेत कळली तर फुकट दुरुस्त होते, म्हणून मी तंबूत पहाटे प्रत्येकाला विचारतो, "चाचा, खडे किती वाजता मारले?"

खड्यांबद्दल एवढंच: हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा खडा, सात वेळा, एकेक करून, प्रत्येक वेळी अल्लाहू अकबर. मूठभर एकदम फेकले तर तो एकच धरला जातो. खडा हौदात पडायला हवा, भिंतीवर बसायलाच हवा असं नाही. चप्पल फेकणं ही रमी नव्हे. तिथे उभं राहून सैतानावर संताप काढायचा नसतो. हजरत इब्राहीम यांनी मुलाच्या कुर्बानीच्या वाटेवर आडवं येणाऱ्याला जसं झिडकारलं, ती आज्ञाधारकता आठवायची असते. हनफी, शाफई आणि हंबली मतात पहिला खडा हातातून सुटला की दोन दिवसांपासून तोंडात असलेला तलबिया थांबतो. "मी हजर आहे" म्हणणं संपतं आणि हजेरी कामातून दिसू लागते, असं मला तिथे दरवेळी जाणवतं.

दुसरी चूक: बोकड कापला गेला असेल असं धरून चालणं

आमच्या तंबूत घडलेली गोष्ट सांगतो. एक चाचा, हनफी, तमत्तो हज. साडेआठला खडे मारून आले. कुर्बानीचं कूपन आधीच घेतलेलं होतं. अकराच्या सुमारास शेजारच्या गाद्यांवरचे दोघे डोकं तुळतुळीत करून, आंघोळ करून, शिवलेले कपडे घालून आले. चाचांनी पाहिलं, तेही न्हाव्याकडे जाऊन आले. साडेतीनला फोन वाजला: "तुमची कुर्बानी आत्ता झाली." चाचा माझ्याकडे आले तेव्हा हात डोक्यावर होता, जणू केस परत चिकटवता येतील.

ते शेजारचे दोघे कोण होते? एक शाफई, त्याला क्रम मोडला तरी काही नाही. दुसरा इफराद, म्हणजे उमऱ्याविना नुसता हज करणारा, त्याच्यावर कुर्बानी वाजिबच नाही, त्याला रमीनंतर लगेच केस काढता येतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर. चुकले ते फक्त चाचा, कारण त्यांनी नियम न पाहता माणसं पाहिली.

आता उपाय. अबू हनीफांच्या मतानुसार चाचांवर एक दम. तो त्याच दिवशी द्यावा लागत नाही. नंतर देता येतो, पण हरमच्या हद्दीतच, घरी परतून नाही. आणि या बोकडाचं मांस त्यांनी स्वतः खायचं नाही, ते गरिबांचं. इथे आणखी एक गल्लत होते. तमत्तोची मूळ कुर्बानी शुक्राची असते, तिचं मांस हाजी खाऊ शकतो; भरपाईचं खाता येत नाही. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चाचांना मौलानांनी विचारलं, ऐपत आहे का? होती. त्यांनी दम दिला. ऐपत नसती, तर दोन्ही शिष्यांच्या मतावर फतवा देणारे हनफी आलिम आज आहेत, कारण लाखोंच्या गर्दीत आपलं जनावर केव्हा कापलं गेलं ते हाजीला दिसतच नाही. पण तो फतवा आपल्या आलिमकडून घ्यावा, गादीवर बसून ठरवू नये.

टाळायचं कसं? निरोप येईपर्यंत कात्री लांब ठेवायची. हनफी मतात केस काढायला बारा तारखेच्या सूर्यास्तापर्यंत वेळ आहे, म्हणून रात्र झाली तरी जीव टांगणीला लावू नये. तोवर एहराम कायम: अत्तर नाही, नखं काढणं नाही, पुरुषाला शिवलेला कपडा नाही. आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की तवाफे जियारत या वाजिब क्रमात नाही. कुर्बानीचा निरोप लांबला तर हनफी हाजी एहरामातच जाऊन तवाफ करू शकतो, दम लागत नाही, फक्त सुन्नतचा क्रम सुटतो. केस काढेपर्यंत मात्र तो एहरामातच राहतो. शाफई मतात असं नाही: रमी, हलक आणि तवाफ यातली कोणतीही दोन झाली की पत्नीशी संबंध सोडून बाकी बंधनं सुटतात. त्यामुळे रमी आणि तवाफ उरकून शाफई मित्राने अत्तर लावलं, तर ते त्याचं बरोबर. तुमची बाटली बंद राहू द्या.

केसांचंही तसंच. शाफई मतात तीन केस कापले तरी किमान पूर्ण होतं. हनफी मतात निदान पाव डोक्याचे केस बोटाच्या पेराएवढे कापले जायला हवेत. मालिकी आणि हंबली मतात पूर्ण डोकं. कात्रीने कानाजवळची एक बट कापून घेणारा हनफी हाजी एहरामातच असतो आणि पुढे साबण-अत्तर वापरून स्वतःवर भरपाई ओढवून घेतो. पुरुषाने वस्तरा फिरवावा हे चांगलं. पैगंबरांनी डोकं पूर्ण काढणाऱ्यांसाठी तीनदा आणि केस लहान करणाऱ्यांसाठी एकदा दुआ केली होती. स्त्रियांनी डोकं काढायचं नाही, वेणी हातात धरून टोकाचे पेरभर केस कापायचे.

तिसरी चूक: अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं

आता शाफई हाजीची अडचण. त्यांच्या मतात परस्त्रीच्या किंवा परपुरुषाच्या उघड्या त्वचेला त्वचा लागली की वजू जातो, आणि तवाफला वजू शर्त आहे. मताफमध्ये, म्हणजे तवाफच्या जागेत, खांद्याला खांदा लागतो, हाताला हात घासतो. दर फेरीला वजू करायला निघाला तर माणूस सात फेऱ्या संध्याकाळपर्यंत पुरे करणार नाही. म्हणून अनेक शाफई आलिम सांगतात की तवाफपुरतं हनफी मत घ्या, तिथे नुसत्या स्पर्शाने वजू जात नाही.

पण घ्यायचं तर पुरं घ्या. शाफई वजूत डोक्यावर दोन-चार केसांना ओला हात लागला तरी पुरतं, हनफी वजूत निदान पाव डोकं ओलं व्हावं लागतं. स्पर्शाची सवलत हनफींची आणि वजू शाफई पद्धतीचा, असं केलं तर तो तवाफ दोन्हीकडे लटकतो. गेल्या खेपेला एका आपांना मी एवढंच सांगितलं: निघताना डोक्यावरून हात पूर्ण फिरवा, बाकी तुमच्या सवयीनेच करा. नीट केलेला वजू चारही इमामांकडे चालतो.

आणि मासिक पाळी आली असेल तर तवाफ थांबवायचा. हनफी मतात बारा तारखेच्या सूर्यास्तानंतर तवाफे जियारत लांबवला तर दम आहे, पण पाळीमुळे लांबला तर नाही. त्या बाईने तंबूत रडत बसायचं कारण नाही. तिची रमी, कुर्बानी, केस कापणं, दुआ सगळं चालू राहतं. फक्त परतीचं विमान कधी आहे ते गटप्रमुखाने दहालाच विचारून ठेवावं, तेराला नव्हे.