आधी-नंतरच्या फोटोंवर पेअर्ड टी-टेस्ट करताय? या चुका टाळा

जखमेचा पहिल्या दिवशी एक फोटो, 14 दिवसांनी दुसरा, दोन्हीतलं क्षेत्रफळ ImageJ मध्ये मोजलं, एक्सेलमध्ये टाकलं, पेअर्ड टी-टेस्ट केली आणि पी-व्हॅल्यू छोटी आली. इथे सगळे खूश होतात, पण बऱ्याचदा घोळ त्याच्या आधीच, फोटोमध्ये झालेला असतो आणि टेस्टला तो दिसतच नाही. टेस्टला फक्त आकडे कळतात, आकडा जखमेमुळे बदलला की कॅमेऱ्यामुळे हे तिला कळायचा मार्गच नाही.

उदाहरण घेऊया, आकडे समजण्यापुरते बनवलेले आहेत. 8 पेशंट, प्रत्येकाची एकच जखम, तिच्यावर 14 दिवस मलम लावलं, क्षेत्रफळ चौरस सेंमीमध्ये.

आधी: 6.2, 4.8, 9.1, 5.5, 7.4, 3.9, 8.0, 5.9
नंतर: 5.1, 4.1, 7.3, 5.7, 6.0, 3.2, 6.6, 4.8

आधीमधून नंतर वजा केलं की फरक येतात 1.1, 0.7, 1.8, -0.2, 1.4, 0.7, 1.4, 1.1. सरासरी बरोबर 1.0 आणि स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण 0.61. आता हा 1 चौरस सेंमीचा फरक खरा आहे का, ते बघायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक स्केलची. पट्टी किंवा माप माहीत असलेलं स्टिकर जखमेच्या बाजूला, त्याच पातळीवर असायला हवं, पण बरेचजण ते खाली चादरीवर ठेवतात. समजा कॅमेरा जखमेपासून 20 सेंमीवर आहे आणि स्टिकर जखमेपेक्षा 1 सेंमी खाली, म्हणजे कॅमेऱ्यापासून 21 सेंमीवर. लांबची वस्तू लहान दिसते, म्हणून स्टिकरच्या हिशोबाने जखमेची लांबी 5 टक्के जास्त भरते आणि क्षेत्रफळात लांबी दोनदा येत असल्याने तिथे चूक 10 टक्क्यांच्या वर जाते. 6 चौरस सेंमीच्या जखमेत हे 0.6 झालं, आणि आपला सगळा फरकच 1.0 चा आहे! पहिल्या दिवशी स्टिकर चादरीवर आणि 14 व्या दिवशी नीट जखमेशेजारी लावलं असेल तर जखम जराही बरी न होता 'कमी झाली' असं दिसेल. वाईट म्हणजे ही चूक सगळ्या पेशंटमध्ये एकाच दिशेने होते, त्यामुळे ती एकमेकांत कटून जात नाही, जास्त पेशंट घेतले तर पी-व्हॅल्यू उलट आणखी छोटी होत जाते.

कॅमेरा तिरका धरला तरी असंच होतं. 30 अंश तिरक्या कोनातून जखम एका दिशेने दबलेली दिसते, आणि स्केल न दबलेल्या बाजूवरून लावलं असेल तर क्षेत्रफळ 13 टक्के कमी भरतं. हे पकडायला सोपा उपाय म्हणजे साध्या पट्टीऐवजी 2 बाय 2 सेंमीचं चौकोनी स्टिकर लावा आणि प्रत्येक फोटोत त्याच्या दोन्ही बाजू मोजा. एक बाजू 2 आणि दुसरी 1.7 आली तर कॅमेरा तिरका होता, तो फोटो बाद करा किंवा पेशंट समोर असेल तर लगेच परत काढा.

ImageJ मधली एक बारीक गोष्ट खूप जणांना नडते. `Analyze > Set Scale` उघडलं की खाली `Global` नावाचा चौकोन असतो. त्यावर टिक राहिली तर पहिल्या फोटोचं स्केल बाकी सगळ्या फोटोंना लागतं, मग ते जवळून काढलेले असोत की लांबून. काही एरर येत नाही, आकडेही बरे दिसतात. म्हणून टिक काढा, प्रत्येक फोटोला त्याच्याच स्टिकरवरून स्केल लावा आणि जखम मोजायच्या आधी स्टिकरचंच क्षेत्रफळ मोजून बघा. 4 च्या आसपास आलं नाही तर स्केल चुकलेलं आहे.

आणि कडा आखणाऱ्याला फोटो आधीचा की नंतरचा हे माहीत नसावं. जखमेची कड कधीच रेघेसारखी स्पष्ट नसते, आणि नंतरचा फोटो आहे हे माहीत असलं की हात आपोआप जरा आतून फिरतो. फाइलची नावं बदलून कोणाकडून तरी मिसळून घ्या, एवढं पुरतं.

आता एक्सेल. सूत्र असं:

```
=T.TEST(B2:B9,C2:C9,2,1)
```

शेवटचा 1 म्हणजे पेअर्ड. तिथे चुकून 2 टाकलं की तेच आकडे दोन वेगळ्या गटांचे समजले जातात आणि पी-व्हॅल्यू 0.002 च्या जागी 0.2 च्या वर जाते. कारण मुळात काही जखमा 4 च्या आणि काही 9 च्या आहेत, त्या मोठ्या तफावतीत 1 चा फरक बुडून जातो. पेअर्डमध्ये प्रत्येक जखमेची तुलना तिच्या स्वतःशीच होते म्हणून तो दिसतो. दुसरी गडबड म्हणजे फक्त एक कॉलम सॉर्ट होणं. तेव्हा जोड्या तुटतात, पण फरकाची सरासरी तीच 1.0 राहते, म्हणून सरासरी बघून हे कळणारच नाही, दोन-चार ओळी मूळ फोटोंशी ताडून बघाव्याच लागतात. आणि एका जखमेचे तीन फोटो काढले तर जोड्या 24 होत नाहीत हां, तिन्हींची सरासरी घ्या, जोड्या 8 च.

नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन बघायचं ते फरकांचं, आधीच्या किंवा नंतरच्या कॉलमचं नाही. 8 फरक ठिपक्यांनी काढले की एखादा फारच बाहेर पडलेला आहे का ते डोळ्यांनी दिसतं, इथे -0.2 वेगळा आहे पण चालण्यासारखा. तरी त्या पेशंटचे दोन्ही फोटो परत उघडून बघा.

राहिला निष्कर्ष. 'नल हायपोथेसिस रिजेक्ट झाला' एवढं लिहून थांबलात तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आणि '0.002 म्हणजे मलम लागू पडण्याची खात्री 99.8 टक्के' असं लिहिणं तर सरळ चूक आहे. 0.002 चा अर्थ एवढाच की जखमांमध्ये सरासरी काहीच बदल होत नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने हजारात दोन-तीनदा दिसला असता. मी असं लिहीन:

"14 दिवसांत या 8 जखमांचं क्षेत्रफळ सरासरी 1 चौरस सेंमीने कमी झालं, म्हणजे सुरुवातीच्या 6.35 वरून 5.35 वर आलं. 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.5 ते 1.5 आहे. इतकी घट निव्वळ योगायोगाने दिसणं अवघड आहे. 7 जखमा लहान झाल्या, एक किंचित वाढली. तुलनेसाठी मलम न लावलेला गट नव्हता, त्यामुळे ही घट मलमामुळे झाली की जखमा तशाही भरत होत्या, हे यावरून सांगता येत नाही."

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो कारण त्याने निकाल कमजोर वाटतो, पण जखमा वेळेनुसार आपोआपही भरतात आणि पेअर्ड टेस्ट आधी आणि नंतर एवढंच सांगते, का ते सांगत नाही. आणि पी-व्हॅल्यू 0.3 आली असती तर 'काही फरक पडत नाही' असं लिहायचं नाही, 'एवढ्या जखमांवरून बदल झाला की नाही ते ठरवता आलं नाही' असं लिहायचं आणि शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हल द्यायचा, म्हणजे किती मोठा फरक अजूनही शक्य आहे ते वाचणाऱ्याला दिसेल.